लांबलचक कलम कसं फोडायचं: चेक न वटण्याचं कलम १३८ घेऊन

प्रश्न: मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. बेअर अ‍ॅक्ट उघडला की एकेक कलम म्हणजे दहा-बारा ओळींचं एकच वाक्य असतं. शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. ‘अटी, अपवाद आणि परिणाम वेगळे करून वाच’ असं सगळे सांगतात, पण नेमकं सुरू कुठून करायचं? आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ दिसलं की तो अपवादच धरायचा का?

उत्तर:

क्रियापदापासून सुरू करा. कलम कितीही लांब असलं तरी त्यात एक जागा अशी असते जिथे कायदा काहीतरी घडवतो: कुणाला शिक्षा होते, कुणाला हक्क मिळतो, एखादा करार रद्दबातल ठरतो. इंग्रजी मजकुरात तिथे बहुतेक वेळा ‘शॅल’, ‘मे’ किंवा ‘इज व्हॉइड’ असं काही असतं. आधी ती जागा पेन्सिलीने अधोरेखित करायची आणि मग उलटं मागे यायचं: हे कुणाच्या बाबतीत घडतं, आणि काय काय झाल्यावर घडतं?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते नुसतं सांगून पटणार नाही. म्हणून एकच कलम घेऊन शेवटपर्यंत जाऊ. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ मधलं कलम १३८, म्हणजे चेक न वटण्याचा गुन्हा. मूळ कायदा १८८१ चा असला तरी हे कलम १९८८ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. पहिल्या वर्षाला ते अभ्यासक्रमात नसेलही, पण वाचनाच्या सरावासाठी याच्याइतकं सोयीचं कलम मला दुसरं सापडलेलं नाही. पाठीवर ‘प्रोव्हायडेड दॅट’ने सुरू होणारं मोठं परंतुक, त्याखाली स्पष्टीकरण, आणि मुख्य भाग म्हणजे श्वास न घेता वाचायचं एक वाक्य.

खाली ते मराठीत देत आहे. मांडणी मूळ इंग्रजीच्या जवळ ठेवली आहे, त्यामुळे भाषा मुद्दाम जड आहे. त्यातला ‘यथाविधी धारक’ म्हणजे ‘होल्डर इन ड्यू कोर्स’, मोबदला देऊन प्रामाणिकपणे चेक मिळवलेला धारक. उत्तरपत्रिकेत किंवा कोर्टात अर्थातच मूळ मजकूर वापरायचा.

“एखाद्या व्यक्तीने, तिने बँकेत ठेवलेल्या खात्यावर, कोणत्याही कर्जाच्या किंवा इतर देण्याच्या पूर्ण किंवा अंशतः फेडीसाठी, त्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला काही रक्कम देण्याकरता काढलेला चेक, त्या खात्यात जमा असलेली रक्कम तो वटवायला अपुरी असल्यामुळे, किंवा बँकेशी झालेल्या करारानुसार त्या खात्यातून द्यायच्या ठरलेल्या रकमेपेक्षा चेकची रक्कम जास्त असल्यामुळे, बँकेने पैसे न देता परत केला, तर अशा व्यक्तीने गुन्हा केला असल्याचं मानलं जाईल आणि, या कायद्यातल्या इतर कोणत्याही तरतुदीला बाध न येता, तिला दोन वर्षांपर्यंत वाढवता येईल इतक्या मुदतीचा कारावास, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत वाढवता येईल इतका दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होईल:

परंतु, या कलमातलं काहीही लागू होणार नाही, जोपर्यंत (अ) तो चेक काढल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत किंवा त्याच्या वैधतेच्या मुदतीत, यांपैकी जे आधी संपेल त्या मुदतीत, बँकेत सादर झालेला नाही; (ब) पैसे घेणाऱ्याने किंवा यथास्थिती यथाविधी धारकाने, चेक न वटता परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, चेक काढणाऱ्याला लेखी नोटीस देऊन सदर रकमेची मागणी केलेली नाही; आणि (क) चेक काढणाऱ्याने सदर नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सदर रक्कम देण्यात कसूर केलेली नाही.

स्पष्टीकरण: या कलमापुरता ‘कर्ज किंवा इतर देणं’ याचा अर्थ कायद्याने वसूल करता येण्याजोगं कर्ज किंवा इतर देणं.”

आता क्रियापद शोधा. ‘काढलेला’, ‘ठेवलेल्या’, ‘परत केला’ हे सगळे बाजूचे लोक आहेत. कायदा प्रत्यक्ष काही करतो ते दोनच ठिकाणी: ‘गुन्हा केला असल्याचं मानलं जाईल’ आणि ‘शिक्षा होईल’. दोन्हींचा कर्ता एकच, ‘अशी व्यक्ती’. हा ‘अशी’ बोट दाखवणारा शब्द आहे. ‘अशी’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ यांपैकी काही दिसलं की थांबून बाण काढायचा: हा मागच्या नेमक्या कोणत्या शब्दाकडे जातो? इथे तो वाक्याच्या अगदी पहिल्या शब्दांकडे, चेक काढणाऱ्या व्यक्तीकडे जातो. म्हणजे सांगाडा एवढाच: चेक परत आला, तर काढणारा गुन्हेगार मानला जाईल आणि त्याला शिक्षा होईल. हे एक वाक्य वहीत सगळ्यात वर लिहा. बाकीचं सगळं या सांगाड्यावर कुठेतरी बसवायचं आहे.

‘इतर कोणत्याही तरतुदीला बाध न येता’ हा तुकडा पहिल्या वाचनात कंसात टाकून द्या. त्याने ना अट वाढते ना अपवाद. हे कलम याच कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदींना मारत नाही एवढंच तो सांगतो. वाक्याच्या ऐन मध्यावर येऊन तो वाचणाऱ्याला अडखळवतो, म्हणून सुरुवातीला बाजूला ठेवायचा आणि शेवटी परत आणायचा.

पुढचं काम म्हणजे मुख्य वाक्यातल्या अटी एकेका ओळीत उतरवणं. इथे माझा एक आग्रह आहे: प्रत्येक ओळीत एकच तथ्य यावं, ज्याला साक्षीदार किंवा कागद ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल. कलम १३८ च्या मुख्य भागातून अशा पाच ओळी निघतात.

१. चेक आरोपीने काढला आहे.
२. तो आरोपीने स्वतः ठेवलेल्या खात्यावरचा आहे.
३. तो दुसऱ्याला पैसे देण्यासाठी आहे.
४. ते पैसे कर्जाच्या किंवा इतर देण्याच्या फेडीसाठी, पूर्ण किंवा अंशतः, आहेत.
५. बँकेने तो न वटवता परत केला आणि त्याचं कारण अपुरी शिल्लक किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम हे आहे.

विद्यार्थी पहिल्या दोन ओळी हमखास एकत्र करतात, ‘आरोपीने चेक दिला’ असं लिहून मोकळे होतात. पण एखाद्याने दुसऱ्याच कुणाच्या खात्याचा चेक सही करून दिला तर? ओळ १ चं उत्तर ‘हो’, ओळ २ चं ‘नाही’. अशा प्रकरणात हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केलं आहे. फसवणुकीचा गुन्हा होईल की नाही हा वेगळा प्रश्न. कलम १३८ मात्र गेलं. दोन ओळी एकत्र केल्या असत्या तर हा प्रश्न दिसलाच नसता.

ओळ ४ वाचून झाल्यावर लगेच तळाशी जा. स्पष्टीकरणाचं घर तिथेच आहे. त्याने नवी अट आणलेली नाही, ओळ ४ मधल्या एका शब्दसमूहाचा अर्थ घट्ट केला आहे. म्हणून ते वेगळ्या क्रमांकाने लिहू नका; ओळ ४ मध्येच घुसवा: ‘कायद्याने वसूल करता येण्याजोग्या कर्जाच्या किंवा देण्याच्या फेडीसाठी’. वाढदिवसाची भेट म्हणून दिलेला चेक परत आला तर खाली काय होतं ते पाहा. चेक आरोपीचा, खातं त्याचं, बँकेने शिल्लक नाही म्हणून परत केला, सगळं खरं. पण वसूल करता येण्याजोगं देणंच नव्हतं. ओळ ४ पडते, आणि तिच्याबरोबर पूर्ण कलम पडतं.

ओळ ५ मध्ये ‘किंवा’ आहे, म्हणून ती पाचवी-अ आणि पाचवी-आ अशी फोडा आणि समोर लिहा: दोन्हींपैकी एक पुरे. इथे या पद्धतीची मर्यादाही सांगून टाकतो. चेक परत करताना बँक देते त्या मेमोवर ‘खातं बंद’ असं कारण असेल तर? शब्दशः ते ना अपुरी शिल्लक आहे, ना मर्यादेबाहेरची रक्कम. तुम्ही कलम कितीही बारीक चिरलं तरी याचं उत्तर त्या चिरण्यातून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली एनईपीसी मायकॉन प्रकरणात ‘खातं बंद’ हेही अपुऱ्या शिलकीतच मोडतं असं ठरवलं, कारण बंद खात्यात शिल्लक शून्यच असते आणि नाहीतर चेक देऊन खातं बंद करणारा सहीसलामत सुटला असता. कलम फोडल्याने वाद नेमका कोणत्या शब्दावर आहे ते कळतं. वाद मिटवायला निवाडे वाचावेच लागतात. पण शब्द माहीत असला की निवाड्यात काय शोधायचं तेही माहीत असतं.

आता परंतुक, म्हणजे तुमचा खरा प्रश्न.

परंतुक म्हणजे अपवाद, असं आपण शिकतो, आणि बऱ्याच वेळा ते खरं असतं. पण इथे मजकूर काय म्हणतो ते पाहा: ‘नथिंग… शॅल अप्लाय अनलेस’. दोन नकार आहेत, ‘काहीही लागू नाही’ आणि ‘जोपर्यंत नाही’. दोन नकार दिसले की वाक्य उलटून होकारार्थी लिहायचं: हे कलम तेव्हाच लागू होईल, जेव्हा (अ), (ब) आणि (क) घडलं असेल. उलटून लिहिल्यावर उघड दिसतं की हे अपवाद नाहीतच. परंतुकाच्या वेशातल्या आणखी तीन अटी आहेत. पहिल्या पाच ओळींखाली त्या ओळ ६, ७, ८ म्हणून जातात.

मग अट आणि अपवाद यांतला फरक ओळखायचा कसा? मथळ्यावर किंवा ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांवर जाऊ नका. एकच कसोटी लावा: ही गोष्ट घडली नाही तर कलम थांबतं, की घडली तर थांबतं? न घडल्याने थांबत असेल तर ती अट. घडल्याने थांबत असेल तर तो अपवाद. नोटीस दिलीच नाही, तर कलम १३८ थांबतं, म्हणून नोटीस ही अट.

खरा अपवाद पाहायचा असेल तर तुमच्या करार कायद्यातच आहे. कलम २७ म्हणतं, कुणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. खाली अपवाद: जो माणूस धंद्याची गुडविल विकतो, तो खरेदीदाराशी असा करार करू शकतो की ठरावीक स्थानिक हद्दीत, खरेदीदार तसा धंदा तिथे चालवतो आहे तोवर, आपण तसाच धंदा करणार नाही, मात्र धंद्याचं स्वरूप पाहता ती हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे. गुडविल विकली गेली असेल, तर मुख्य नियम थांबतो. इथे गोष्ट घडल्याने नियम थांबला, म्हणून हा अपवाद. आणि बघा, या अपवादाच्या पोटात स्वतःच्या अटी आहेत: हद्द ठरावीक हवी, खरेदीदाराचा धंदा चालू हवा, हद्द वाजवी हवी. त्यांपैकी एक जरी पडली तरी अपवाद पडतो आणि करार पुन्हा रद्दबातलच्या खात्यात जातो. म्हणून अपवाद दिसला की त्याच्याही वेगळ्या ओळी काढायच्या, थोड्या आत सरकवून.

हा फरक केवळ शास्त्रापुरता नाही, पुराव्यात तो अंगावर येतो. फौजदारी खटल्यात गुन्ह्याचे घटक सिद्ध करण्याचं ओझं फिर्यादी पक्षावर असतं. पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १०८, म्हणजे जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम १०५, म्हणतं की अपवादात किंवा परंतुकात आपण बसतो हे आरोपीने सिद्ध करायचं. आता कलम १३८ च्या परंतुकाला तुम्ही डोळे झाकून ‘अपवाद’ म्हणालात, तर निष्कर्ष काय निघेल? ‘मला नोटीस दिली नाही’ हे आरोपीने सिद्ध करायचं! कोर्टात असं चालत नाही. मुदतीत चेक सादर केला, मुदतीत नोटीस दिली आणि तरी पैसे मिळाले नाहीत, हे तक्रारदारालाच दाखवावं लागतं. नोटीस योग्य पत्त्यावर पाठवल्याचा पुरावा दिला की ती पोहोचली असं गृहीत धरायला कोर्टाला वाव आहे, पण पाठवल्याचा तो कागद आणायचा तक्रारदारानेच. चुकीची चिठ्ठी चिकटवली की ओझं चुकीच्या खांद्यावर जातं.

तीन अटींकडे परत येऊ. (ब) च्या शेवटी एकच ‘आणि’ आहे. (अ) नंतर फक्त अर्धविराम. तो ‘आणि’ तिन्हींना बांधतो, शेवटच्या दोघांनाच नव्हे. यादी मोठी असली की जोडशब्द शेवटच्या एका खंडाआधीच येतो, आणि वाचणाऱ्याने तो मनात मागे न्यायचा असतो. वहीत लिहिताना मी तो प्रत्येक ओळीनंतर लिहितो. दिसायला बालिश, पण चूक होत नाही.

(अ) मध्ये सहा महिने लिहिलेले आहेत, आणि परीक्षेत निम्मा वर्ग तेच लिहितो. पुढचे शब्द मात्र ‘किंवा वैधतेच्या मुदतीत, जे आधी संपेल’ असे आहेत. वैधतेची मुदत या कायद्यात कुठेही सापडणार नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतून येते, आणि १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिने आहे. म्हणजे व्यवहारात उत्तर तीन महिने. कलमातला आकडा खोटा नाही, पण तो तुलनेतला फक्त एक आकडा आहे आणि दुसरा कायद्याबाहेर बसलेला आहे. ‘यांपैकी जे आधी’, ‘यांपैकी जे जास्त’ असं दिसलं की दोन्ही आकडे हातात येईपर्यंत ओळ पूर्ण झाली असं मानायचं नाही.

(ब) आणि (क) मध्ये दोन क्रियापदं आहेत आणि ती वेगळी आहेत. (ब) म्हणतं नोटीस ‘देऊन’, (क) म्हणतं नोटीस ‘मिळाल्यापासून’. कायदा करणाऱ्याने जवळजवळच्या दोन ओळींत दोन शब्द वापरले असतील तर दोन अर्थ अभिप्रेत आहेत, असं धरून चालायचं. सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ साली हेच सांगितलं: देणं आणि मिळणं एक नव्हे, पैसे घेणाऱ्याने योग्य पत्त्यावर नोटीस पाठवली की त्याच्याकडचं काम झालं. म्हणून तीस दिवसांचं घड्याळ नोटीस पाठवण्यापाशी थांबतं, तर पंधरा दिवसांचं घड्याळ ती पोहोचल्यावर सुरू होतं.

आणखी एक छोटा शब्द: ‘सदर रक्कम’. बाण काढा. तो मागे चेकच्या रकमेकडे जातो. व्याज, वकिलाची फी, नुकसानभरपाई यांच्याकडे नाही. नोटिशीत चेकची रक्कम वेगळी दाखवून वर खर्चाचीही मागणी केली तर चालतं. पण चेक दोन लाखांचा आणि नोटिशीत तपशील न देता एकठोक अडीच लाखांची मागणी केली, तर ती ‘सदर रकमेची’ मागणी राहत नाही आणि (ब) ची अट पडते. अनेक तक्रारी याच एका शब्दावर गेल्या आहेत.

आता वहीत आठ ओळी आहेत आणि खाली परिणाम. परिणाम लिहितानाही काळजी घ्या. ‘दोन वर्षांपर्यंत’ ही कमाल मर्यादा आहे, ‘दोन वर्षं’ नव्हे. दंडही चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत. आणि कारावास, दंड, दोन्ही असे तीन पर्याय आहेत. ‘दोन वर्षं कैद आणि दुप्पट दंड होतो’ असं लिहिलं तर एका ओळीत तीन चुका होतात.

या आठ ओळींवर एक कल्पित प्रकरण चालवू. राजेशने नीताकडून हातउसने दोन लाख घेतले आणि फेडीसाठी ५ जानेवारीच्या तारखेचा, स्वतःच्या खात्याचा चेक दिला. नीताने तो २० मार्चला बँकेत भरला. शिल्लक अपुरी म्हणून तो परत आल्याचा मेमो तिला २४ मार्चला मिळाला. २० एप्रिलला तिने रजिस्टर्ड पोस्टाने दोन लाखांच्या मागणीची नोटीस पाठवली. राजेशला ती २५ एप्रिलला मिळाली. त्याने पैसे दिले नाहीत.

ओळ १ ते ५ मध्ये अडचण नाही: चेक त्याचा, खातं त्याचं, देणं हातउसन्या पैशांचं, कारण अपुरी शिल्लक. ओळ ६: ५ जानेवारी ते २० मार्च म्हणजे तीन महिन्यांच्या आत. ओळ ७: मेमो मिळाल्याचा दिवस सोडून मोजलं तर २५ मार्च हा पहिला दिवस आणि २३ एप्रिल हा तिसावा. नोटीस २० एप्रिलला गेली, म्हणजे मुदतीत. ती पोहोचली २५ ला, तिसावा दिवस उलटल्यावर, आणि इथे घाईने वाचणारा ‘मुदत गेली’ असं म्हणतो. पण (ब) मध्ये शब्द ‘देऊन’ आहे. ओळ ७ टिकते. ओळ ८: २६ एप्रिल पहिला दिवस, १० मे पंधरावा. १० मे संपेपर्यंत पैसे आले नाहीत, तर ११ मे रोजी आठही ओळी भरल्या.

तारीख अशी नेमकी काढायची कारण पुढचं कलम तिच्यावर उभं आहे. कलम १४२ सांगतं की तक्रार लेखी हवी, ती पैसे घेणाऱ्याने किंवा यथाविधी धारकाने करायला हवी, आणि परंतुकाच्या (क) खाली तक्रारीचं कारण उद्भवल्यापासून एका महिन्याच्या आत व्हायला हवी. कारण उद्भवलं ११ मे रोजी. हा महिना मोजताना कारण उद्भवल्याचा दिवस वगळायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली इकॉन आंत्री प्रकरणात कायम केलं. म्हणून नीताकडे ११ जूनपर्यंत वेळ आहे. उशीर झालाच तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेण्याची सोयही त्याच कलमाच्या परंतुकात आहे. तिलाही ती कसोटी लावून पाहा: पुरेसं कारण दाखवता आलं, तर एक महिन्याची मर्यादा थांबते. घडल्याने थांबते, म्हणजे हे परंतुक खरोखरच अपवाद आहे. एकाच कायद्यात, चार कलमांच्या अंतरावर, एकाच नावाची दोन वेगवेगळी जनावरं.

आता तथ्यं एकेक करून बदला. वाचन पक्कं झालं की नाही ते इथेच कळतं, पण एका वेळी एकच बदल करायचा. समजा नीताने घाई करून ८ मेलाच तक्रार दाखल केली. कोणती ओळ पडली? आठवी. राजेशचे पंधरा दिवस संपलेलेच नाहीत, त्यामुळे त्याने ‘कसूर’ केलेली नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी वेळेआधीची तक्रार म्हणजे कायद्याच्या नजरेत तक्रारच नव्हे, आणि नंतर पंधरा दिवस उलटून गेले म्हणून ती सुधारत नाही. दुसरा बदल: राजेशने ५ मे रोजी एक लाख दिले. पुन्हा आठवी ओळ पाहा, तिथे ‘सदर रक्कम’ आहे. अर्धी रक्कम म्हणजे सदर रक्कम नव्हे, म्हणून कसूर कायम. तिसरा बदल: राजेश म्हणतो, ‘चेक भरला जाईल तेव्हा शिल्लक नसेल याची मला कल्पनाच नव्हती.’ आठही ओळी खालून वर वाचा. आरोपीला काय माहीत होतं असं विचारणारी एकही ओळ नाही. शंका उरू नये म्हणून कलम १४० ने हा बचाव उघड शब्दांत नाकारलाच आहे. कलमात काय नाही हे दिसण्यासाठीसुद्धा ओळी वेगळ्या लागतात.

शेजारच्या कलम १३९ चाही याच नकाशावर विचार करा. ते म्हणतं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत असं गृहीत धरलं जाईल की धारकाला चेक कर्जाच्या किंवा देण्याच्या फेडीसाठीच मिळाला. पुष्कळ विद्यार्थी यावरून ‘कलम १३८ मध्ये सगळं आरोपीनेच सिद्ध करायचं असतं’ असं लिहितात. गृहीतकाचा बाण कुठे जातो ते पाहा: फक्त ओळ ४ कडे. नोटीस, मुदत, मेमो यांना ते शिवतही नाही. आणि ओळ ४ पुरतंही ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ असं आहे, म्हणजे राजेशला ते खोडून काढायची मुभा आहे.

शेवटी एक व्यावहारिक धोका. ओळी काढताना आपण सोप्या भाषेत लिहितो आणि त्यात शब्द गळतात. ‘पूर्ण किंवा अंशतः’ गळलं की कर्जाच्या एका हप्त्यापोटी दिलेला चेक कलमाबाहेर गेल्यासारखा वाटतो. ‘लेखी’ गळलं की फोनवरची मागणी पुरेशी वाटते. म्हणून ओळी झाल्यावर मूळ कलम समोर घ्या आणि तुमच्या वहीत आलेला प्रत्येक शब्द पेन्सिलीने खोडत जा. न खोडलेला एकही शब्द उरला, तर तो कोणत्या ओळीत जायचा होता ते शोधा.

सरावासाठी आता करार कायद्याचं कलम २५ घ्या. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, ‘जोपर्यंत’ पुढच्या तीनपैकी काही नाही. पहिल्या खंडाच्या आत ‘आणि’ आहेत: लेखी, नोंदणीकृत, जवळच्या नात्यातल्या व्यक्तींमध्ये, नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी. पण पहिल्या खंडापासून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे जाताना जोडशब्द बदलतो. तो नेमका कुठे बदलतो ते शोधा, ओळी आत-बाहेर सरकवून मांडा, आणि मग एका भावाने दुसऱ्याला नोंदणी न करता नुसतं लिहून दिलेलं वचन त्यावर चालवून पाहा.